चौकटीच्या वहीवर पकडलेली गळती

प्रश्न: पाइपच्या दोन टोकांना सेन्सर लावून घेतलेल्या दोन छोट्या नोंदींमधला वेळेचा फरक क्रॉस-कोरिलेशनने हाताने कसा काढतात? सॉफ्टवेअर पीक दाखवतं, पण ते कुठून आलं ते समजत नाही. आणि अधिक-उणे चिन्हात माझा दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर:

गणिताची चौकटीची वही घ्या, एक पेन्सिल आणि कात्री. कात्री कशाला ते पुढे कळेल. गळती शोधण्याच्या कामाला नव्याने येणाऱ्या मुलांना मी मशीन देण्याआधी एक दुपार हेच करायला लावतो, कारण ज्याने एकदा हाताने गुणाकार केले तो स्क्रीनवरच्या कुठल्याही पीकवर डोळे मिटून खड्डा मारायला सांगत नाही.

शिकवण्यासाठी आम्ही आवारात २ इंची जीआय पाइपची एक ६ मीटरची लांबी चालू लाइनमध्ये बसवली आहे. पाइपला एक बारीक भोक पाडलंय आणि दोन्ही टोकांना अ आणि ब असे सेन्सर चिकटवलेत. भोकातून पाणी फुरफुरतं, तो आवाज पाण्यातून दोन्ही बाजूंना पळतो आणि जवळच्या सेन्सरला आधी पोचतो. रस्त्यावर दोन व्हॉल्व्हमध्ये ६० ते १०० मीटर असतात आणि आकडे हजारोंनी येतात. इथे पाइप आखूड असल्याने दहा आकड्यांत भागतं. दोन्ही सेन्सर एकाच रेकॉर्डरच्या दोन चॅनेलवर आहेत आणि सेकंदाला २,००० आकडे घेतले जातात, म्हणजे दोन आकड्यांत ०.५ मिलिसेकंद. खालचे आकडे गुणायला सोपे जावेत म्हणून मी पूर्णांकात आणले आहेत:

```
अ: १०  १२  १३  ११   ७   ६   ९  १२  ११   ९
ब: २१  १९  २१  २१  २२  २३  २०  १७  १७  १९
```

पहिलं काम म्हणजे सरासरी वजा करणे. ही पायरी बहुतेक जण "ती तर होतेच" म्हणून सोडतात आणि तिथेच फसतात. अ ची बेरीज १०० आहे, सरासरी १०. ब ची बेरीज २००, सरासरी २०. हे १० आणि २० आवाजाचे नाहीत, सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सने दिलेली बैठक आहे. ती काढली की उरतो तो खरा आवाज:

```
अ:  ०   २   ३   १  −३  −४  −१   २   १  −१
ब:  १  −१   १   १   २   ३   ०  −३  −३  −१
```

आता नुसत्या नजरेने बघा. अ मध्ये २, ३, १ असा उंचवटा आणि मग −३, −४ असा खड्डा आहे. ब मध्ये तसाच उंचवटा २, ३ आणि मग −३, −३, पण साधारण तीन घरं उशिराने. तुमच्या डोळ्यांनी जे केलं तेच क्रॉस-कोरिलेशन करतं, फक्त हिशोबाने.

अ चे दहा आकडे वहीत ओळीने दहा चौकटींत लिहा. ब चे दहा आकडे दुसऱ्या कागदावर तेवढ्याच चौकटींत लिहून ती पट्टी कापून काढा. पट्टी अ च्या खाली ठेवा, वर-खाली आलेल्या प्रत्येक जोडीचा गुणाकार करा आणि सगळे गुणाकार बेरजेत घ्या. ही शून्य सरकेची बेरीज. मग पट्टी एक घर डावीकडे सरकवा, पुन्हा गुणा, पुन्हा बेरीज. जे आकडे बाहेर लोंबतात त्यांना जोडीदार नाही, ते सोडून द्यायचे. पट्टी डावीकडे k घरं सरकवली तर तिला "सरक +k" म्हणायचं, उजवीकडे सरकवली तर "सरक −k".

तीन घरं डावीकडे सरकवल्यावर काय होतं ते पूर्ण लिहून दाखवतो. ब च्या पट्टीचे पहिले तीन आकडे बाहेर गेले आणि सात जोड्या उरल्या:

```
अ:         ०   २   ३   १  −३  −४  −१
ब:         १   २   ३   ०  −३  −३  −१
गुणाकार:   ०   ४   ९   ०   ९  १२   १     बेरीज = ३५
```

एकही गुणाकार उणे नाही. अधिकाखाली अधिक आला, उण्याखाली उणे आला. जुळणी म्हणतात ती हीच. आता शून्य सरकेला काय होतं ते बघा: ०, −२, ३, १, −६, −१२, ०, −६, −३, १. बेरीज −२४. इथे उंचवट्याखाली खड्डा आलाय. बाकीच्या सरकांच्या बेरजा अशा:

```
सरक:   −४  −३  −२   −१    ०   १   २   ३   ४   ५    ६
बेरीज:   १   ६   २  −१४  −२४  −६  २४  ३५  १६  −९  −१६
```

पुढची टोकंही काढली: +७ ला −९, +८ ला −२, +९ ला ०, −५ ला −२, −६ ला −३, −७ ला ०, −८ ला २, −९ ला −१. ती उत्तरासाठी नाहीत, ताळा करण्यासाठी आहेत. दोन्ही नोंदींची सरासरी काढून टाकलेली असेल तर सगळ्या सरकांच्या बेरजांची बेरीज शून्यच यायला हवी, कारण ती म्हणजे अ ची एकूण बेरीज गुणिले ब ची एकूण बेरीज. वरचे एकोणीस आकडे मिळवून बघा, शून्य येतं. आलं नाही तर कुठेतरी चिन्ह चुकलंय. हाताने करणाऱ्याचे नव्वद टक्के घोटाळे चिन्हाचेच असतात आणि हा ताळा ते लगेच पकडतो.

सर्वांत मोठी बेरीज सरक +३ ला, ३५. म्हणजे ब ला तोच आवाज तीन घरं, म्हणजे १.५ मिलिसेकंद उशिरा पोचला.

चिन्हाच्या गोंधळाबद्दल. सूत्र पाठ करू नका, पट्टी आठवा. ब ची पट्टी डावीकडे, म्हणजे मागच्या वेळेकडे ओढावी लागली तर जुळते, याचा अर्थ ब उशिरा ऐकतो, याचा अर्थ गळती अ च्या जवळ. उजवीकडे ढकलावी लागली तर उलट. सॉफ्टवेअरमध्ये गोंधळ होतो कारण कुठली नोंद आधी द्यायची यावर चिन्ह पलटतं. पायथॉनमध्ये numpy वापरत असाल तर:

```
import numpy as np
a = np.array([0,2,3,1,-3,-4,-1,2,1,-1])
b = np.array([1,-1,1,1,2,3,0,-3,-3,-1])
r = np.correlate(b, a, 'full')
print(np.argmax(r) - (len(a) - 1))   # 3
```

इथे b आधी आणि a नंतर दिलं आहे, म्हणून +३ येतं. अदलाबदल करा, −३ येईल. दोन्हींत चूक काही नाही, पण कुठलं कुठलं ते एकदा तपासून मशीनच्या डब्यावर लिहून ठेवावं. तपासायची पद्धत सोपी आहे: अ च्या बाहेरच्या बाजूला एखादा नळ थोडा सोडा. आता आवाज आधी अ ला आणि मग पूर्ण पाइप पार करून ब ला जायलाच हवा. उत्तर ज्या चिन्हाचं येईल ते "अ च्या बाजूचं" चिन्ह.

उशिरावरून जागा काढणं म्हणजे शाळेतलं समीकरण. गळतीपासून अ पर्यंतचं आणि ब पर्यंतचं अंतर मिळून ६ मीटर. त्यांच्यातला फरक म्हणजे वेग गुणिले उशीर. २ इंची जीआय पाइपमधल्या पाण्यात आवाजाचा वेग मी सेकंदाला १,३५० मीटर धरतो. मोकळ्या पाण्यात तो १,४८० च्या आसपास असतो, पण पाइपची भिंत दाबाला थोडी फुगते म्हणून कमी होतो. फरक आला १,३५० × ०.००१५ = २.०२५ मीटर. अ पासून अंतर = (६ − २.०२५) ÷ २ = १.९९ मीटर. टेप लावली तर भोक अ पासून बरोबर दोन मीटरवर आहे.

इथे कोणीतरी विचारतंच, की उशीर नेमका तीनच घरं कशावरून, पावणेतीन का नाही? बरोबर आहे. शिखराच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा बघा, २४ आणि १६. डावी बाजू जड आहे, म्हणजे खरं शिखर तीनच्या किंचित अलीकडे असणार. या तीन बिंदूंतून एक पॅराबोला काढला तर त्याचा माथा किती हललाय हे असं निघतं: बाजूंचा फरक (२४ − १६ = ८) भागिले (२४ − २ × ३५ + १६ = −३०), आणि त्याचं अर्ध. येतं −०.१३. म्हणजे उशीर २.८७ घरं, १.४३ मिलिसेकंद, आणि जागा २.०३ मीटर.

पण थांबा, हा अर्धवट सुधार आहे. सरक वाढते तशा जोड्या कमी होतात: सरक +२ ला आठ, +३ ला सात, +४ ला सहा. जास्त जोड्यांची बेरीज आपोआप फुगते, त्यामुळे शिखर नेहमी शून्याकडे थोडं ओढलं जातं. प्रत्येक बेरजेला जोड्यांच्या संख्येने भागलं तर आकडे होतात ३, ५ आणि २.६७, आणि माथा येतो २.९६ घरांवर. जागा पुन्हा दोन मीटर. मग नेहमीच का भागू नये? कारण टोकाला एक-दोन जोड्याच उरतात आणि एखादा योगायोगाचा गुणाकार भागल्यावर खऱ्या शिखराच्या तोडीचा दिसू लागतो. माझी सवय अशी की शिखर न भागता शोधायचं आणि फक्त बारीक सुधार भागलेल्या आकड्यांवर करायचा. या दोन सुधारांतला फरक पाइपवर तीन सेंटिमीटर आहे. खड्डा मारणाऱ्याच्या फावड्याचं पातंच त्याच्या कितीतरी पट रुंद असतं, तेव्हा यात फार जीव अडकवू नये. हजारो आकड्यांच्या लांब नोंदीत तर दोन-चार जोड्यांच्या फरकाने काही बिघडत नाही.

आता सरासरी न काढण्याचा प्रसंग, कारण तो एकदा बघितला की विसरत नाही. मूळचे १०, १२, १३… आणि २१, १९, २१… तसेच गुणले तर शून्य सरकेला बेरीज येते १,९७६ आणि सरक +३ ला फक्त १,३८५. सगळ्यांत उंच शिखर शून्यावर, म्हणजे गळती बरोबर मधोमध, तीन मीटरवर! कारण १० × २० = २०० हा बैठकीचा गुणाकार प्रत्येक जोडीत बसलाय आणि शून्य सरकेला जोड्या सर्वांत जास्त. आवाजाचा ३५ त्याखाली गाडला जातो. आलेखावर हे तंबूसारखं दिसतं, दोन्ही बाजूंना सरळ उतरत जाणारं. तसा तंबू दिसला की गळती विसरा, सरासरी राहिलीय.

मधोमध येणाऱ्या उत्तराकडे मी एरवीही संशयानेच बघतो. जवळच्या पंपाच्या मोटरचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा विजेचा गुणगुणाट दोन्ही चॅनेलमध्ये एकाच क्षणी घुसतो आणि त्याचा उशीर शून्य. गळती खरोखर मध्यावर असू शकते, नाही असं नाही. म्हणून एक सेन्सर पुढच्या व्हॉल्व्हवर हलवायचा. खरी गळती असेल तर तिची रस्त्यावरची जागा तीच राहते आणि उशीर बदलतो. विजेचा गुणगुणाट असेल तर शिखर पुन्हा शून्यावर, म्हणजे नव्या मध्यावर जाऊन बसतं.

वरच्या तक्त्यात सरक −३ ला ६ असा एक छोटा उंचवटा आहे, तोही बघून ठेवा. मुख्य शिखरापासून तो सहा घरं दूर, आणि आपल्या आवाजाची एक लाटही साधारण सहाच घरांची, म्हणजे ३ मिलिसेकंदांची आहे. एक लाट चुकवून सरकवलं तरी उंचवट्याखाली उंचवटाच येतो. आपल्या नोंदीत लाटा एकसारख्या नाहीत म्हणून तिथे नुसते ६ आले. पण आवाज जर शिट्टीसारखा एकाच सुराचा असता तर ते ६ वाढून तीस-पस्तीस झाले असते आणि खरं शिखर कोणतं हे सांगणंच अवघड झालं असतं. इथे चुकलेली एक लाट म्हणजे जागेत दोन मीटरची चूक. फिल्टर फार आवळून लावणारे हीच चूक ओढवून घेतात: आलेख सुंदर गुळगुळीत होतो आणि शिखरांची रांग लागते. गळतीचा आवाज फुरफुरता, खरखरीत असतो, आणि तोच आपल्याला हवा असतो.

चिन्हाशीच निगडित आणखी एक. एका सेन्सरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर त्याच्या सगळ्या आकड्यांची चिन्हं पलटतात. मग ३५ चे −३५ होतात, आणि शून्यावरचे −२४ होतात +२४. फक्त मोठ्यात मोठा अधिक आकडा शोधणारा माणूस पुन्हा मधोमध खड्डा मारेल. म्हणून शिखर शोधताना खोल दरीही बघायची. दरी सगळ्या शिखरांपेक्षा मोठी असेल तर आधी वायरी तपासा.

दहा आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा? एक माप असं: ३५ ला दोन्ही नोंदींच्या ताकदीने भागायचं. अ च्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज ४६, ब ची ३६, त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ४०.७. म्हणून ३५ ÷ ४०.७ = ०.८६. पूर्ण एकसारख्या नोंदींना १ येतो. ०.८६ ऐकायला भारी वाटतं, पण एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या दहा-दहा आकड्यांतही ०.३ सहज येतो, आणि लाटा लांब असतील तर त्याहून जास्त. रस्त्यावर तर रिक्षा, ट्रक, शेजारच्या घरातला नळ, सगळं मिसळलेलं असतं आणि एका तुकड्याला ०.२ सुद्धा मिळत नाही. उपाय तोच, पण पुन्हा पुन्हा: पुढचे दहा आकडे घ्या, तसाच तक्ता करा, आणि सरकेनुसार जुन्या तक्त्यात मिळवा. गळतीचं शिखर दर वेळी त्याच सरकेला येतं म्हणून शंभर तक्त्यांत शंभरपट होतं. ट्रकचा योगायोग कधी इकडे, कधी तिकडे, तो साधारण दहापटच वाढतो. मशीन ऐकत बसलेलं असतं तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

इतकं करूनही खड्डा चुकतो तो बहुधा गुणाकारामुळे नाही, वेगामुळे. एका गावात ८० मीटरच्या अंतरावर ४० मिलिसेकंदांचा स्वच्छ उशीर आला होता. जुन्या नकाशात पाइप बिडाचा, म्हणून आमच्या मुलाने वेग १,२५० लावला: (८० − ५०) ÷ २ = १५ मीटर. तिथे खोदलं तर कोरडी माती आणि खाली निळसर पीव्हीसी! मधल्या काळात कोणीतरी पूर्ण तुकडा बदलला होता, नकाशात नोंद नव्हती. पीव्हीसीची भिंत मऊ, त्यात वेग खूपच पडतो. अ च्या बाहेरचा नळ सोडून पूर्ण अंतराचा उशीर मोजला तर १७८ मिलिसेकंद आला, म्हणजे वेग ४५०. नवं उत्तर (८० − १८) ÷ २ = ३१ मीटर. सोळा मीटरची चूक, आणि तीही उशीर अचूक असताना.

त्या समीकरणातच सुटका आहे. वेगातली चूक जागेत येते ती उशिराने गुणून. उशीर लहान असेल, म्हणजे गळती मध्याजवळ असेल, तर वेग थोडाफार चुकला तरी फरक पडत नाही. म्हणून पहिल्या मोजणीत गळती एका टोकाकडे दिसली की सेन्सर असे हलवायचे की ती मध्याकडे येईल, आणि पुन्हा मोजायचं. वेग मोजताना पाइपवर हातोडी मारू नका. हातोडीचा ठोका धातूच्या भिंतीतूनही पळतो, आणि तिथला वेग पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त. वेग मोजायचा तर पाण्याच्याच आवाजाने.

आणि शेवटचं, कारण तुम्ही "दोन छोट्या नोंदी" म्हणालात. त्या दोन वेगळ्या मोबाइलवर घेतल्या असतील तर वरचं सगळं व्यर्थ आहे. दोन्ही रेकॉर्डिंग एकाच क्षणी सुरू झालेली नसतात आणि तो फरक तुमच्या उशिरात तसाच मिसळतो. आमच्या जीआय पाइपवर एका मिलिसेकंदाचा फरक म्हणजे ६७ सेंटिमीटर, आणि दोन बोटांनी दोन मोबाइलची बटणं दाबण्यात शेकडो मिलिसेकंद जातात. एकच रेकॉर्डर, दोन चॅनेल, दोन लांब वायरी घ्या. आणि नोंद घेण्याआधी दोन्ही सेन्सर एकमेकांना चिकटवून एकदा मोजा: उत्तर शून्य सरक यायला हवं. नाही आलं तर जे आलं ते पुढच्या प्रत्येक उत्तरातून वजा करा.